भेटायला गेल्यावर दारात पहिलं वाक्य काय बोलायचं?

लोकलवाला

सोमवारी पहाटे आमच्या ऑफिसातले अण्णा गेले. वय ४६. हार्ट अटॅक, दवाखान्यात नेईपर्यंतच सगळं संपलं. मी तेव्हा गावी होतो, अंत्यविधीला पोचू शकलो नाही. आता शनिवारी आम्ही ऑफिसातले तिघे त्यांच्या घरी भेटायला जाणार आहोत.

घरी वहिनी, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि अण्णांची आई, त्या ऐंशीच्या आसपास. वहिनींना मी आजवर एकदाच भेटलोय, तेही मुलीच्या वाढदिवसाच्या गर्दीत.

अशा ठिकाणी आजवर आईबाबांच्या मागे गेलोय आणि कोपऱ्यात सतरंजीची टोकं बघत बसलोय. बोलायचं काम मोठ्यांचं. आता एकतीस वर्षांचा झालो, तिघांत अण्णांच्या जवळचा मीच, त्यामुळे बाकीचे दोघे माझ्याच तोंडाकडे बघणार. "कसे आहात" तोंडात येतं, ते तर बोलता येणार नाही. "फार वाईट झालं" हे टीव्हीवरची बातमी ऐकून म्हटल्यासारखं वाटतं. निघताना "येतो" म्हणायचं नसतं एवढं माहीत आहे, आणि सवयीने नेमकं तेच निघेल ही वेगळीच भीती.

जाणत्यांनी सांगा.

नाना ठाणेकर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही हा मजकूर वापरतो, घ्या: "आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली सगळ्यांची नावं टाका. शक्यतो सकाळी पाठवा.

तिखट शेव

नाना, तो दारात उभा राहून हे वाचून दाखवणार आहे का?

नाना ठाणेकर

अच्छा, प्रत्यक्ष जाण्याबद्दल आहे होय. मग काही बोलू नका. हात जोडा आणि बसा.

निवृत्त सिस्टर

हात जोडण्याचंही बघून. पुष्कळ घरांत सुतकात नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत. आजींच्या पाया पडायला वाकलास आणि त्यांनी पाय मागे घेतले की तूच कानकोंडा होशील.

वॉर्डात एकतीस वर्षं काढली, नातेवाइकांना ही बातमी सांगायचं काम शेकडो वेळा केलं. माझा स्वतःचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस पलीकडच्या बाजूला बसून सगळं ऐकलंही. त्यावरून सांगते.

काम घरी पोचायच्या आधी सुरू होतं. अण्णांचा भाऊ, मेव्हणा, शेजारी, जो कोणी फोन उचलतोय त्याला आदल्या दिवशी विचार की किती वाजता येऊ. दुपारी एक ते चार जाऊ नये, वहिनी जेमतेम आडव्या झालेल्या असतात. आणि त्यालाच विचारून घे की कसं झालं. सगळं फोनवर ऐकून घे म्हणजे वहिनींना विचारावं लागणार नाही. "कसं झालं हो?" हा प्रश्न आपल्याकडे दारातल्या पहिल्या वाक्यासारखा वापरतात. विचारणाऱ्याला तो एकदा विचारायचा असतो, पण ती बाई चौथ्या दिवसापर्यंत पहाटेपासूनचं सगळं चाळीस वेळा सांगून बसलेली असते.

याला एक अपवाद आहे. काही माणसांना सांगावंसंच वाटतं. सांगितल्याशिवाय ते त्यांना खरंच वाटत नाही. ते ओळखायला अवघड नाही, तू न विचारता ती स्वतःहून "तीन वाजता उठले, पाणी मागितलं" असं सुरू करते. मग मध्ये काही न बोलता शेवटपर्यंत ऐकायचं. डोळे खाली ठेवून दोन शब्दांत उत्तर येत असेल तर तिथे थांबायचं.

आता दारातलं. दारात काहीच बोलायचं नसतं. फोन खालीच बंद कर, चपला काढ, कोणीतरी "बसा" म्हणेल, बस. खुर्ची दिली तरी वहिनी खाली बसल्या असतील तर खाली बस. आणि तुझं पहिलं वाक्य म्हणजे तू कोण आहेस ते. एकदाच भेटलेला आहेस, ती आज तुला ओळखणार नाही, आणि ओळखायचा प्रयत्न करण्याचं कामही तिच्या डोक्यावर नको. "वहिनी, मी अण्णांच्या ऑफिसातला अमुक. सोमवारी गावी होतो, म्हणून येता आलं नाही." एवढंच. हे साधं आणि खरं आहे, त्यामुळे आवाज कापत असला तरी बोलता येतं.

मग गप्प बस. मनात वीस आकडे मोज हवं तर. ती शांतता तुला जड वाटेल, तिला वाटत नाही.

त्यानंतर अण्णांबद्दलची एकच गोष्ट सांग, जी घरच्यांना माहीत नसेल. घरचे अण्णा त्यांना ठाऊक आहेत. ऑफिसातले अण्णा फक्त तुमच्या तिघांकडे आहेत, ते घरच्यांना दुसरं कोणी देऊ शकत नाही. मोठी गोष्ट नको, "फार थोर माणूस" तर नकोच. काय खायचे, कुणाची कशी फिरकी घ्यायचे, असलं काही.

आणि त्या बोलताना "ते असं म्हणतात", "त्यांना चहा लागतोच" असं वर्तमानकाळात बोलतील. ते सुधारायचं नाही. तुझ्या तोंडून "आहेत" निघालं तरी जीभ चावू नकोस.

पंचगंगाकाठ

सिस्टरबाईंचं बरोबर आहे, पण ते शहरातलं झालं. आमच्याकडं कोल्हापूर भागात मातीला आणि नंतर दुखवट्याला येणाऱ्या बायका दारातूनच गळा काढत येतात. आत येऊन घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं, दोघींनी रडायचं, "असं कसं गं झालं बाई" एवढंच शब्द. पाच मिनिटांनी दोघीही डोळं पुसून बोलायला लागतात. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा चुलत्याच्या घरी आली ती रक्षाविसर्जनाच्या दिवशी, आणि जाऊन गप बसली. चुलती वर्षभर म्हणत होती, "तुझ्या बायकूला कायबी वाटलं न्हाई." त्यामुळं आधी बघा ते घर कुठलं आहे. रडणारं घर असंल तर गप बसणारा परका वाटतो.

पुरुषांना तिथं फार काम नसतं. बाहेर पटांगणात बसायचं, कर्त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा.

निवृत्त सिस्टर

मान्य, हे मी विसरले होते. वॉर्डातही गावाकडून आलेली घरं आणि शहरातली घरं यांत हाच फरक दिसायचा. पण लोकलवाल्याने गळा काढायला जाऊ नये, त्याला जमणार नाही.

गीताप्रेमी

आपण सगळे भावनेच्या बाजूने बोलत आहात. भेटायला जाण्याचा हेतू धीर देणे हा आहे. आत्मा अविनाशी आहे, जातस्य हि ध्रुवो मृत्युः, हे जाणत्या माणसाने सांगितलेच पाहिजे, नाहीतर सगळे मिळून रडत बसण्याला काय अर्थ? मी वहिनींना सांगेन की आता मुलांकडे बघून उभं राहायला हवं. मुलाला जवळ घेऊन सांगेन की बाळ, आता घरातला कर्ता तू, आई आणि आजीला तूच सांभाळायचं. यातून पोरं लवकर मोठी होतात, मी पाहिलं आहे.

जास्वंद

गीताप्रेमी, तुमच्यावर राग काढायचा नाहीये, पण तुम्ही ज्याला जवळ घ्याल तो पोरगा आमच्या घरात होता.

माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगा चौदाचा. तेरा दिवसांत किमान वीस जणांनी त्याला "आता तूच कर्ता" सांगितलं. महिन्याभराने वाण्याची वही घेऊन माझ्यासमोर बसला, "आई, आपल्याकडे किती पैसे आहेत?" चौदाचा! क्रिकेटला जायचं बंद केलं. रडला नाही, सहा महिने. कारण कर्ते रडत नाहीत ना. त्या वीस जणांत एक माणूस होता, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्याने मुलाला विचारलं, "सायकलचा टायर बसलाय ना तुझा? चल, हवा भरून आणू." दोघे खाली गेले, अर्ध्या तासाने आले. तेरा दिवसांत तो पोरगा तेवढाच घराबाहेर पडला होता.

बाकी मला काय काय ऐकवलं ते अजून पाठ आहे. "कुठल्या हॉस्पिटलात नेलं होतं? अरेरे, तिथे नव्हतं न्यायला पाहिजे." "बीपीच्या गोळ्या वेळेवर देत होतीस ना?" म्हणजे मीच मारलं! "कुठली पॉलिसी होती?" आणि नातेवाइकांतल्या एक बाई माझ्या कपाळाकडे बघून शेजारणीला कोपर मारत होत्या, कारण मी टिकली काढली नव्हती.

पंचगंगाकाठ

टिकलीवरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव झाला तरी कोपर मारणाऱ्या बायका आहेतच, पण निदान म्हणायला आधार आहे. भेटायला गेलेल्यानं त्या विषयावर अवाक्षर काढू नये. चांगल्या बाजूनंही नको, "टिकली ठेवलीत, छान केलंत" हेसुद्धा नको.

गीताप्रेमी

मुलाबद्दल जास्वंद यांचे पटले. तसे आता बोलणार नाही. पण देवाधर्माचे बोलूच नये हे पटत नाही. माझ्या आईला माझा भाऊ गेल्यावर शेजारच्या काकांनी रोज संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवला, तिला त्याचाच आधार झाला.

निवृत्त सिस्टर

तुमच्या आईला झाला, कारण काका रोज यायचे आणि आईला ते हवं होतं. म्हातारी माणसं स्वतःच देवाचं नाव काढतात. आजी म्हणाल्या "पांडुरंगाने मला न्यायचं सोडून त्याला नेलं", तर तिथे "हो आजी" एवढंच. पांडुरंगाची बाजू मांडायला जायचं नाही. पहिल्याच भेटीत, एकतिसाव्या वर्षी, परक्या घरात जाऊन गीता सांगणं वेगळं.

अजून एक. "सुटले", "सोनं झालं", "हातीपायी धड असताना गेले" ही वाक्यं नव्वदीच्या माणसाबद्दल घरच्यांनी म्हणायची असतात. ती घरच्यांनी म्हटल्यावर मान हलवावी. पाहुण्याने सुरुवात करू नये. ४६च्या माणसाला तर ती लागूच नाहीत.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो. इथे उलटं होतं. मित्राचे वडील सांगलीला गेले, त्याला व्हिसाच्या भानगडीमुळे जाता आलं नाही. आम्ही त्याच्या अपार्टमेंटमध्ये भेटायला गेलो तर घरात ना फोटो ना दिवा, टीव्ही चालू, मुलगा गेम खेळतोय. कुठलं वाक्य बोलावं तेच कळेना. शेवटी आमच्यातला एकजण म्हणाला, "काकांचा फोटो आहे का रे फोनमध्ये?" मग तो तासभर फोटो दाखवत बसला. धाग्याशी थेट संबंध नाही, पण सिस्टर म्हणतात ते पटलं.

लोकलवाला

सगळ्यांचे आभार. भावाशी बोललो, साडेपाचची वेळ ठरली.

एक गोष्ट वर लिहिली नव्हती. खरं तर त्यासाठीच धागा काढला.

रविवारी रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला होता, बुधवारच्या ऑडिटच्या फायलींसाठी. बोलता बोलता म्हणाले, "आज जरा ॲसिडिटी झालीय रे, छातीत जळजळतंय, दुपारी मिसळ जास्त झाली." मी हसलो आणि म्हणालो, "थंड दूध प्या आणि झोपा." पहाटे ते गेले.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. वहिनींना सांगायला हवं ना? त्यांना माहीत नसेल तर? मी त्या घरात बसून अण्णांच्या डब्याच्या गमती सांगू आणि हे पोटात ठेवू?

तिखट शेव

सांगून टाक. खोटेपणा त्यांना चेहऱ्यावर दिसेल. आणि नंतर कॉल लिस्टमध्ये तुझं नाव दिसलं तर काय म्हणतील?

जास्वंद

नको सांगू!! निदान शनिवारी तरी नको. माझ्या मिस्टरांच्या मित्राने असंच पाचव्या दिवशी येऊन सांगितलं, "वहिनी, मला म्हणाला होता हात दुखतोय, मी लक्ष दिलं नाही." आणि ढसाढसा रडला. मग मीच त्याला पाणी देऊन समजावत बसले, तुमची काही चूक नाही भावजी. तो मोकळा होऊन गेला. मी रात्रभर विचार करत राहिले की याला सांगितलं तर मला का नाही सांगितलं.

निवृत्त सिस्टर

लोकलवाल्या, आधी तुझ्यापुरतं ऐक. जळजळ पित्ताची की हृदयाची हे फोनवर कुणालाच कळत नाही. वॉर्डात समोर झोपलेल्या माणसाबद्दलसुद्धा आम्ही ईसीजी काढल्याशिवाय बोलत नसू, आणि कधी कधी पहिला ईसीजीही ठीक यायचा. "मिसळ जास्त झाली" म्हणणाऱ्या माणसाला निम्म्या महाराष्ट्राने थंड दूधच सांगितलं असतं. (ज्यांनी वाचलं त्यांनी मात्र लक्षात ठेवा, चाळिशीनंतर नवीन जळजळ, सोबत घाम किंवा दम लागत असेल तर दूध नाही, दवाखाना.)

आता सांगायचं की नाही. जास्वंदचं मला पटतं. पहिल्या भेटीत आपलं ओझं त्यांच्या पुढ्यात ठेवायचं नाही. पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे आणि तिथे काय होईल हे मीही छातीठोक सांगू शकत नाही. तुला बोलायचं असेल तर भावाशी बोल, तेही दहाव्यानंतर.

तिखट शेव

मला अजूनही वाटतं सांगायला हवं. पण शनिवारीच सांग हे मागे घेतो.

लोकलवाला

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितोय.

दार उघडंच होतं. समोर फोटो, खाली समई, भाऊ म्हणाले "बसा". वहिनी खाली भिंतीला टेकून, आजी कॉटवर. मी ठरवल्याप्रमाणे नाव सांगितलं, गावी होतो म्हणालो. वहिनींनी मान हलवली. वीस आकडे मोजायचे होते, बाराव्याला आमच्यातल्या एकाने घसा साफ करून "पीएफचं नॉमिनेशन वहिनींच्याच नावावर आहे ना?" असं भावांना विचारलं. इतकं मोठ्याने की आतून मुलगी डोकावली. भाऊ म्हणाले, "ते बघू नंतर." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग मी म्हणालो, "वहिनी, अण्णांच्या डब्यातल्या दोन पोळ्या रोज मी खायचो." त्यांनी पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही होय? मी तीन वर्षं भांडतेय, वजन वाढतंय, सहा पोळ्या कशाला लागतात. म्हणायचे, अगं भूक लागते." आणि हसल्या. हसता हसताच रडू आलं, आतल्या खोलीत गेल्या, दोन मिनिटांनी परत येऊन बसल्या आणि विचारलं, "भाजी कुठली आवडायची तुम्हाला?" मी म्हणालो, भरली वांगी. आमच्यातल्या तिसऱ्याने मग अण्णा ७.१२च्या लोकलमध्ये रुमाल टाकून चौघांची जागा कशी धरायचे ते सांगितलं. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला मी काहीच बोललो नाही, सुचलं नाही.

आणि मग आजी. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकदम म्हणाल्या, "तुझ्याशीच बोलत होता ना रे रविवारी रात्री? मी ऐकलं. काय म्हणत होता?"

खोली गप्प. मी म्हणालो, "हो आजी, माझ्याशीच. ऑडिटच्या फायलींचं सांगत होते. आणि दुपारी मिसळ जास्त झाली म्हणाले." आजी म्हणाल्या, "हो, मीच केली होती. त्याला आवडते म्हणून." पुढे त्याही काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

म्हणजे मिसळीचं बोललो, जळजळीचं नाही. खोटं नव्हतं. खरं होतं का ते मला कळत नाहीये. आणि आता वाटतंय की मिसळीचं नाव काढून आजींच्याच डोक्यात काही घातलं की काय.

पंचवीस मिनिटांनी उठलो. "येतो" निघालं नाही. काहीच निघालं नाही, नुसता उठलो, भावांच्या हाताला हात लावला. जिन्यात आल्यावर मात्र पीएफवाला म्हणाला, "चला, येतो." कुणाला उद्देशून ते त्यालाच ठाऊक.

पंचगंगाकाठ

जिन्यातलं चालतंय. उंबऱ्याच्या आत म्हणायचं नसतं.

तिखट शेव

हा नियम आत्ता बनवलात ना?

पंचगंगाकाठ

आज्जी म्हणायची. तिनं बनवला असंल.

जास्वंद

पीएफवाल्याचं इतकं मनावर घेऊ नको. ज्यांना विचारलं ते माणूस चुकलं नव्हतं, जागा चुकली. ते भावांनाच विचारायचं, पण खाली गेटपाशी, एकट्याला गाठून. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा हे मला असंच एका भाच्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं. बँक, पीएफ, विमा, सगळीकडे लागल्या.

निवृत्त सिस्टर

मिसळीचं आजी तुझ्या आधीपासून मनात धरून बसल्या असणार. म्हणून तर विचारलं. तू त्यांना नवीन काही दिलं नाहीस, पण त्यांच्या मनातलं काढलंही नाहीस. ते काढायला पुन्हा जावं लागेल. दहाव्याला किंवा त्यानंतर, गर्दी ओसरल्यावर, एकटा जा. आजींपाशी बस आणि एवढं सांग, की मिसळीने असं होत नाही, एका नर्सने सांगितलंय. हे मात्र खरं आहे, बिनधास्त सांग.

जळजळीचं सांगायचं का, ते त्या दिवशी तिथे बसल्यावर बघ.

लोकलवाला

दहाव्याला सकाळी घाटावर जातोय, पिंडाला. घरी त्यानंतरच्या रविवारी जाईन.

आज दुपारी ऑफिसात भावांचा फोन आला होता. वहिनींनी निरोप दिलाय, सुतक फिटल्यावर ये, भरली वांगी करणार आहेत. "नको, तुम्हाला कशाला त्रास" असं तोंडावर आलं होतं. गिळलं आणि हो म्हणालो. बरोबर केलं ना?

जास्वंद

हो. आणि पोळ्या दोनच खाऊ नकोस.